कामगारांच्या ग्रुप मेडिक्लेमचा ईमेल: भीतीपासून नव्हे, उचलीच्या वहीपासून सुरू करा

एजंटगिरीच्या दुसऱ्या वर्षी, ऐन जुलैत, मी कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातल्या वीसेक कारखानदारांना एक ईमेल पाठवला होता. वर लाल अक्षरांत लेप्टोची बातमी, खाली ‘उद्या तुमच्या कामगारावर ही वेळ आली तर जबाबदार कोण?’ असा प्रश्न आणि शेवटी माझा नंबर. उत्तर एकच आलं, तेही फोनवर. काजूचा कारखाना चालवणारे एक वयस्कर गृहस्थ होते. म्हणाले, “माका कशाक घाबरवतंस? गेल्या वर्षी माझ्या कामगाराक लेप्टो झालो तेव्हा हॉस्पिटलात रात्रभर मी बसलंय. तू खंय होतंस?”

मला बोलायला तोंड राहिलं नाही. त्या माणसाला आजाराची माहिती माझ्यापेक्षा जास्त होती. त्याला माहीत नव्हतं ते पॉलिसीबद्दल, आणि पॉलिसीबद्दल माझ्या पत्रात एक अक्षर नव्हतं. पुढे मी त्यांच्याकडे गेलो, माफी मागितली, आणि त्यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढून दाखवली. कुणाला किती उचल दिली, कशासाठी दिली, किती फिटली, हे सगळं त्यात होतं. चार-पाच पानं चाळली. लग्न आणि घरदुरुस्ती सोडली तर बाकी बहुतेक नोंदी हॉस्पिटलच्या होत्या. माझं पत्र लिहायचं ते या वहीपासून, हे मी तिथे शिकलो. कोकणातला छोटा कारखानदार आपल्या कामगारांच्या आजारपणाचा भार आधीच उचलत असतो. आपण त्याला फक्त एवढंच विचारायचं असतं की हा भार दुसऱ्या पद्धतीने वाटून घ्यायचा का, आणि त्या पद्धतीत काय मिळतं, काय मिळत नाही.

असं पत्र कसं लिहायचं, हे इथे एकाच उदाहरणावर दाखवतो: काजू प्रक्रियेचा एक छोटा कारखाना, बी फोडणाऱ्या, सोलणाऱ्या आणि ग्रेडिंग करणाऱ्या बायका, बोर्म्यावरचा, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीवरचा, एक माणूस आणि एक सुपरवायझर धरून नऊ कायम माणसं.

लिहिण्याआधी

पहिली गोष्ट माणसं मोजण्याची. बहुतेक कंपन्या ग्रुप पॉलिसीसाठी किमान सात माणसं मागतात, त्यामुळे नऊ जणांचा ग्रुप होऊ शकतो. पण दुसरीकडे ईएसआयची, म्हणजे सरकारच्या कामगार राज्य विमा योजनेची, रेषा आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्याला ईएसआय लागू होऊ शकतं, आणि त्या मोजणीत ठेकेदारामार्फत आलेली माणसंही धरतात. काजूच्या कारखान्यात मार्च ते मे बी येते, तेव्हा चार बायका वाढल्या तर नऊचे तेरा होतात. एकदा लागू झालेलं ईएसआय माणसं पुन्हा कमी झाली म्हणून सुटत नाही. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: “सीझनला किती जणं असतात?” उत्तर दहा किंवा अधिक आलं तर तुमची पॉलिसी पुढे करू नका. आधी त्यांच्या अकाउंटंटला किंवा लेबर कन्सल्टंटला विचारायला सांगा. ग्रुप मेडिक्लेम घेतली म्हणून ईएसआयची जबाबदारी टळत नाही. ‘ईएसआयपेक्षा हे बरं’ असं सांगून पॉलिसी विकणाऱ्या एजंटाने त्या मालकाला नंतर मागची थकबाकी आणि व्याज भरायला लावलेलं असतं.

दुसरी गोष्ट, कामगारांकडे आधीच काय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण यादीतल्याच उपचारांसाठी आणि योजनेत असलेल्या हॉस्पिटलांतच. हे पत्रात लिहायचं. मालकाला ते कधी ना कधी कळणारच, आणि तुम्ही लपवलं होतं हेही कळणार. उलट मोठी, ठरवून करायची शस्त्रक्रिया योजनेतून आणि जवळच्या खाजगी हॉस्पिटलातलं चार दिवसांचं ॲडमिशन पॉलिसीतून, अशी विभागणी समजली की मालक मोठ्या रकमेच्या विम्यामागे लागत नाही. त्याला दोन लाखांची पॉलिसी पुरते.

तिसरी गोष्ट हॉस्पिटलांची, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. कंपनीच्या वेबसाइटवर हजारो नेटवर्क हॉस्पिटलं असतात, पण वेंगुर्ल्याच्या बाईला त्यातली पुण्या-मुंबईची काय कामाची? कारखान्यापासून तीस किलोमीटरच्या आत कुठली आहेत, तेवढीच काढा. मग एकेका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला फोन करून विचारा की अमुक कंपनीची कॅशलेस आज चालू आहे का. यादीत नाव असतं आणि काउंटरवर ‘आम्ही बंद केलंय’ म्हणतात, हे मी बऱ्याचदा अनुभवलं आहे. मग कोल्हापूर आणि गोव्यातलं एकेक मोठं हॉस्पिटल त्यात जोडा, कारण सिंधुदुर्गातला पेशंट शेवटी तिकडेच जातो. जवळ एकही कॅशलेस हॉस्पिटल नसेल तर ती कंपनी या कारखान्यासाठी बरोबर नाही. बिल आधी भरून नंतर मागायचं असेल तर पैसे पुन्हा मालकाच्या उचलीतूनच जाणार.

पत्र

आता पत्र. मी हे साधारण असंच पाठवतो.

> विषय: कारखान्यातल्या ९ जणांसाठी ग्रुप मेडिक्लेम: अंदाजे खर्च आणि मर्यादा
>
> नमस्कार साहेब,
>
> मागच्या भेटीत आपण म्हणालात की कामगाराच्या घरी कुणी ॲडमिट झालं की आपल्याला उचल द्यावी लागते आणि ती फिटायला वर्ष जातं. त्यावरून हे लिहीत आहे. मी (कंपनीचं पूर्ण नाव) या कंपनीचा एजंट आहे.
>
> एक पर्याय असा: कामगार, जोडीदार आणि दोन मुलं, अशा प्रत्येक कुटुंबाला मिळून वर्षाला २ लाखांचं संरक्षण. अंदाजे प्रीमियम कुटुंबामागे ७,५०० रुपये, जीएसटी १,३५० रुपये. नऊ कुटुंबांचे मिळून ७९,६५० रुपये. फक्त कामगारांनाच घेतलं तर अंदाजे ३१,८६० रुपये. नक्की आकडा वयांची यादी मिळाल्यावर कंपनी देईल.
>
> यातून मिळतं: किमान २४ तास ॲडमिट राहिल्यावरचा हॉस्पिटलचा खर्च आणि यादीतले डे-केअर उपचार.
>
> यातून मिळत नाही: दवाखान्यातली रोजची तपासणी आणि औषधं. खोलीचं भाडं दिवसाला २,००० रुपयांपर्यंतच धरलं जातं. त्याहून महाग खोली घेतली तर बिलाच्या इतर भागातही कपात होते. कामावरच्या अपघाताची भरपाई देण्याची कायदेशीर जबाबदारी वेगळी आहे, ती या पॉलिसीने संपत नाही.
>
> आपल्या कामगारांना जनआरोग्य योजनेचा लाभ मिळत असेल तर तो तसाच राहतो. कारखान्याला ईएसआय लागू असेल तर ही पॉलिसी त्याच्या जागी चालणार नाही.
>
> कारखान्याच्या जवळ आज कॅशलेस चालू असलेल्या हॉस्पिटलांची यादी सोबत जोडली आहे. मी स्वतः फोन करून खात्री केली आहे.
>
> आपल्याला यात रस असेल तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत येऊन कामगारांसमोरच सगळं समजावून सांगेन. नको असेल तर ‘नको’ एवढंच कळवा, मी पुन्हा लिहिणार नाही.
>
> (नाव, एजंट लायसन्स नंबर, फोन)

हे पत्र पाठवण्याआधी कंपनीच्या ब्रँच ऑफिसला दाखवून लेखी मंजुरी घ्यायची. विम्याच्या जाहिरातीचे नियम एजंटाच्या पत्रालाही लागतात, आणि मंजुरीची मेल हाताशी ठेवलेली बरी. ‘माझ्या कमिशनमधून थोडं परत करतो’ हे तर पत्रात नकोच, तोंडीही नको. प्रीमियमवर अशी सूट द्यायला विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार मनाई आहे.

आकडा कसा मांडायचा

पत्रातला ७,५०० हा आकडा मी इथे उदाहरणासाठी घेतला आहे. तुमचा आकडा कंपनीच्या कोटेशनमधून यायला हवा. पण मांडणी अशीच ठेवा: प्रीमियम वेगळा, जीएसटी वेगळा, मग एकूण. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, त्यामुळे मालक हमखास विचारतो, “अरे, विम्यावर आता जीएसटी नाही ना?” वैयक्तिक पॉलिसीवर नाही, ग्रुपवर १८ टक्के आहेच. तो भरलेला जीएसटी इनपुट क्रेडिट म्हणून परतही मिळत नाही, अपवाद फक्त जिथे अशी पॉलिसी देणं मालकाला कायद्यानेच बंधनकारक आहे तिथला. म्हणून मालकाच्या खिशातून जाणारी खरी रक्कम ६७,५०० नव्हे, ७९,६५० आहे. हे आपण आधी सांगितलं नाही तर अकाउंटंट सांगतो, आणि मग तुमच्या प्रत्येक आकड्याकडे संशयाने बघितलं जातं. प्रीमियम धंद्याचा खर्च म्हणून आयकरात दाखवता येतो, मात्र तो रोखीने भरायचा नाही. चेक किंवा बँक ट्रान्सफरच हवा.

‘दिवसाला फक्त चोवीस रुपये, एका वडापावची किंमत’ असलं काही लिहू नका. ज्याला वर्षाची एकरकमी रक्कम आगाऊ भरायची आहे, त्याला ती रक्कमच दिसली पाहिजे. आणि मालक हा खर्च कामगारांच्या पगारातून कापणार असेल, तर कापण्याआधी कामगारांना विचारून त्यांची लेखी संमती घ्यायला सांगा. मी पाहिलेल्या कारखान्यांत सगळ्यात नीट चाललं ते असं: कामगाराचा हप्ता मालकाने भरला, आणि घरच्यांना जोडायचं असेल तर फक्त वाढीव फरक कामगाराने दिला.

खोलीच्या भाड्याची ओळ

पत्रातली ही एक ओळ मी कधीच गाळत नाही, कारण नंतरची सगळ्यात जास्त भांडणं हिच्यावरून होतात. दोन लाखांच्या पॉलिसीत खोलीचं भाडं बऱ्याचदा विम्याच्या एक टक्क्याला बांधलेलं असतं, म्हणजे दिवसाला २,०००. समजा, कामगाराच्या बायकोला तापासाठी चार दिवस ॲडमिट केलं आणि हॉस्पिटलने ३,००० रुपयांची खोली दिली. बिल ४८,००० झालं: खोलीचे १२,०००, डॉक्टर आणि नर्सिंगसारखे खोलीबरोबर बदलणारे खर्च २४,०००, औषधं आणि तपासण्या १२,०००.

कामगाराला वाटतं, खोलीचे वरचे हजार-हजार मिळून चार हजार आपल्या खिशातून जाणार. प्रत्यक्षात मर्यादा २,००० आणि खोली ३,००० म्हणजे दोन तृतीयांश हे प्रमाण धरलं जातं, आणि ते डॉक्टर-नर्सिंगच्या खर्चालाही लागतं. कंपनी खोलीचे ८,०००, डॉक्टर-नर्सिंगचे १६,००० आणि औषधं-तपासण्यांचे पूर्ण १२,००० देते, म्हणजे ३६,०००. उरलेले १२,००० कामगाराने भरायचे. मालक मग पुन्हा वही काढतो, आणि तुमच्यावर चिडतो, ते रास्तच आहे.

म्हणून कारखान्यात समजावून सांगताना हाच हिशेब फळ्यावर किंवा पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मांडा, आणि सगळ्यांना एकच गोष्ट पाठ करायला लावा: ॲडमिट होताना काउंटरवर विचारायचं, “दोन हजारच्या आतली खोली आहे काय?” कोटेशन घेतानाही कंपनीला विचारा की ही मर्यादा उठवायला किंवा वाढवायला किती जादा प्रीमियम पडेल. कधीकधी तो फरक इतका थोडा असतो की मालक स्वतःच हो म्हणतो.

कोटेशन हातात येईपर्यंत काय लिहायचं नाही

ग्रुप पॉलिसीचा मोठा फायदा म्हणून सगळे सांगतात की आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर होतात. शंभर माणसांच्या ग्रुपला ही सवलत सहसा मिळते. नऊ माणसांच्या ग्रुपला ती मिळेलच असं नाही. लहान ग्रुपसाठी काही कंपन्या वेटिंग पिरियड ठेवतात, काही आरोग्याचं डिक्लरेशन मागतात. म्हणून पहिल्या पत्रात यावर एक शब्दही लिहू नका. कोटेशन आल्यावर त्यातलं वाक्य जसंच्या तसं दुसऱ्या पत्रात टाका. बाळंतपणाचंही तसंच. काजूच्या कारखान्यात बायका जास्त असतात, त्यामुळे हा प्रश्न येणारच. नॉर्मल आणि सिझेरियनची मर्यादा वेगवेगळी असते, दोन्ही आकडे कागदावर बघूनच सांगा.

सासू-सासऱ्यांचा प्रश्नही येतो. आपल्याकडे घरात आजारी असतात ती बहुधा तीच माणसं. त्यांना जोडता येतं, पण प्रीमियम बराच चढतो आणि काही कंपन्या त्यांच्या क्लेमवर को-पे लावतात, म्हणजे बिलाचा ठरलेला हिस्सा आपण भरायचा. मी दोन्ही कोटेशनं मागवतो आणि निर्णय मालक-कामगारांवर सोडतो.

पुढच्या वर्षाचंही आधीच सांगून टाका. या ग्रुपकडून कंपनीकडे जमा होणार ६७,५००. एकाच कुटुंबाचा दीड लाखाचा क्लेम झाला, तर नूतनीकरणाच्या वेळी कंपनी दर वाढवून मागणार. लहान ग्रुपला एकच क्लेम भारी पडतो. हे ऐकून एखादा मालक मागे सरकतो. सरकू द्या. पुढच्या वर्षी दुप्पट दर ऐकून पॉलिसी सोडणाऱ्या मालकापेक्षा आज विचारपूर्वक नाही म्हणणारा मालक कामगारांच्या दृष्टीने बरा, कारण पॉलिसी मध्येच तुटली की ज्याचा उपचार चालू असतो त्याचे हाल होतात.

कधी पाठवायचं

मार्च ते मे काजूवाल्याला पत्र पाठवू नका. त्याचे सगळे पैसे बी खरेदीत अडकलेले असतात आणि तो स्वतः गोदामात असतो. गणपतीत कारखानाच बंद असतो. गणपती उरकले की पंधरा दिवसांनी, दिवाळीच्या बोनसचा हिशेब सुरू होण्याआधी, हा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. मासळी प्रक्रियेवाल्यांचं वेगळं: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे जुलैमध्ये त्यांना बसून बोलायला वेळ असतो. आंबा कॅनिंगवाल्यांना जूनच्या मध्यापर्यंत हात लावू नका. लेप्टोचे पेशंट निघाल्याची बातमी आली त्या आठवड्यात मात्र कुणालाच पाठवू नका, पत्र कितीही साधं असलं तरी. त्या आठवड्यात ते भीती दाखवणारंच वाचलं जातं.

‘हो’ आल्यावर

आता खरं काम यादीचं. प्रत्येक माणसाचं नाव, जन्मतारीख, नातं, लिंग आणि कामावर लागल्याची तारीख, एवढे रकाने पुरतात. नाव आणि जन्मतारीख आधारकार्डावर आहे तशीच घ्यायची. आमच्याकडे लग्नानंतर नाव बदललेलं असतं, आधारवर माहेरचं, बँकेत सासरचं आणि कारखान्याच्या हजेरीपटावर नुसतं ‘सुलू’. ऑफिसात बसून मालकाच्या तोंडून यादी घेतली की असल्या चुका होतात आणि त्या हॉस्पिटलच्या काउंटरवर बाहेर येतात, जेव्हा ई-कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत जातो, प्रत्येकीचं कार्ड हातात घेऊन स्वतः लिहितो, आणि त्याच वेळी खोलीच्या भाड्याचा पुठ्ठा भिंतीला लावून येतो.

मालकाला दोन गोष्टी लेखी द्या. नवीन माणूस लागला, कुणाचं लग्न झालं, बाळ झालं, तर पॉलिसीत दिलेल्या मुदतीत कळवायचं, नाहीतर नाव पुढच्या नूतनीकरणापर्यंत चढत नाही. त्यासाठी कंपनीकडे थोडी रक्कम आगाऊ जमा ठेवावी लागते, कारण प्रीमियम जमा असल्याशिवाय संरक्षण सुरू होत नाही. आणि कामगार काम सोडून गेला की त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं संरक्षण थांबतं. त्याला त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे विचारण्यासाठी माझा नंबर त्याच्याकडे असू द्या, असं मी मालकाला सांगतो.

उत्तर आलंच नाही, तर मी पंधरा दिवसांनी एकदाच लिहितो. त्यात पॉलिसीचा उल्लेख नसतो. फक्त ताजी केलेली हॉस्पिटलांची यादी, कुठे कॅशलेस चालू, कुठे बंद, जनआरोग्य योजना कुठे चालते, आणि खाली ‘कामगारांसाठी नोटीस बोर्डावर लावलीत तरी चालेल’ एवढी ओळ. जुलैच्या त्या पत्रावर मला फोन करणारे गृहस्थ अजून माझे ग्राहक नाहीत. त्यांच्या सीझनच्या माणसांमुळे त्यांना ईएसआय लागू झालं, आणि ते त्यांनी नीट सुरू केलं. पण ती यादी त्यांच्या कारखान्यात हजेरीच्या टेबलामागे लावलेली आहे, आणि दर सहा महिन्यांनी मी जाऊन ती बदलतो.